ग्रुपवरच्या 1,846 मेसेजमधून "काय ठरलं" ते एका पानावर कसं आणायचं?

सांजवात | 12 नोव्हेंबर 2025, रात्री 10:20

आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन 18 जानेवारीला रत्नागिरीजवळ गावच्या घरी करायचंय. त्यासाठी घराण्याचा व्हॉट्सअप ग्रुप काढला. माणसं 34, आणि दिवाळीच्या आधीपासून आजपर्यंत मेसेज 1,846. त्यातले निदान निम्मे शुभ सकाळ, कुणाच्या तरी बाळाचे फोटो आणि "हो ना!" या प्रकारातले.

आत्या ग्रुपवर आहे, पण वाचत नाही. तिला कोण दोष देणार. ती म्हणाली, "मला एका कागदावर लिहून दे. काय ठरलं, कोण काय करणार आणि काय राहिलंय. बाकी तुमचं चालू दे." मी हौसेने बसले, दोन तासांत पान लिहिलं आणि शहाणपणा करून ग्रुपवरही टाकलं. पहिलीच ओळ होती, "कार्यालय 18 तारखेसाठी घेतलं आहे." नागपूरच्या काकांचं लगेच उत्तर, "कुणी ठरवलं?" त्यावर आणखी साठेक मेसेज झाले आणि मी पान डिलीट केलं.

तो भाग मी ग्रुपमधून बाहेर काढून इथे देतेय. नावांऐवजी नाती घातली आहेत. यातून तुम्ही काय निष्कर्ष काढाल?

```
28/10/25, 9:41 pm - मोठे काका: कार्यालयाचं विचारलं. 18 ला रिकामं आहे
28/10/25, 9:44 pm - पुण्याचा दादा: चालेल
30/10/25, 12:18 am - नागपूर काका: अंगण असताना कार्यालय कशाला? मांडव घालू
30/10/25, 7:02 am - ठाण्याची वहिनी: 🙏
02/11/25, 8:15 pm - मोठे काका: ॲडव्हान्स परवा देऊन येतो
05/11/25, 11:30 am - मोठे काका: जाऊन आलो
05/11/25, 11:31 am - मोठे काका: <Media omitted>
05/11/25, 11:50 am - पुण्याचा दादा: मस्त
```

मला तर वाटलं विचारलं, ॲडव्हान्स दिला, झालं.

---

रिकामटेकडा | 12 नोव्हेंबर, रात्री 10:41

एवढं काय त्यात. ग्रुपमध्ये वर भिंग असतं, त्यात "ठरलं", "फायनल", "नक्की", "बुक" हे चार शब्द टाका. जे सापडेल ते निर्णय. एकाच गोष्टीबद्दल दोनदा काही आलं तर शेवटचा मेसेज खरा धरायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, मी आमच्या ट्रेकच्या ग्रुपचं असंच करतो.

---

भोळासांब | 12 नोव्हेंबर, रात्री 11:05

ताई, आजोबांना नमस्कार सांगा. पण सहस्रचंद्रदर्शन 81 पूर्ण झाल्यावर करतात ना? आमच्याकडे वडिलांचं 81 पूर्ण झाल्यावर केलं होतं. तुमची तारीख कुणी काढली?

---

सांजवात | 12 नोव्हेंबर, रात्री 11:12

@भोळासांब, आजोबांचा जन्म मार्च 1945 चा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला 80 वर्षं आणि 10 महिने लागतात. ते जानेवारीत येतं. गुरुजींनी तारीख दिली आहे आणि 34 माणसांत एवढ्या एका गोष्टीवर वाद नाही, तेव्हा ती कृपया इथे उकरू नका. :)

@रिकामटेकडा, तुमचं करून बघितलं. "फायनल" 14 वेळा आलंय. त्यातलं पाच वेळा "फायनल काय ते सांगा" असं आहे.

---

टिपणवही | 13 नोव्हेंबर, सकाळी 6:50

मी नोकरीत 27 वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. तिथे निदान अध्यक्ष असतो, विषयपत्रिका असते आणि एका वेळी एकच माणूस बोलतो. ग्रुपवर यातलं काहीच नसतं, म्हणून तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड आहे, हे आधी कबूल करतो.

तुम्ही दिलेल्या आठ ओळींत निर्णय एकही नाही. ओळीने बघा. काकांनी "विचारलं" म्हटलंय, "घेतलं" नाही. दादा "चालेल" म्हणतो. हे मत झालं, तेही एकाचं. नागपूरकरांनी सरळ विरोध केलाय आणि त्यांना कुणी उत्तर दिलेलं नाही. वहिनींचा नमस्कार कशाला आहे ते कळत नाही. सकाळी सातचा आहे म्हणजे बहुधा कुणाच्या तरी श्लोकाला असेल. पुढे "ॲडव्हान्स देऊन येतो", पण कसला ॲडव्हान्स? कार्यालयाचा हे तुम्ही मनात भरलंत, कारण पाच दिवस आधी कार्यालयाचा विषय निघाला होता. आणि "जाऊन आलो" हे तर देवळात जाऊन आल्यावरही लिहितात.

माझी कसोटी सांगतो. "ठरलं" या खान्यात ओळ टाकायची तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याने ती स्वच्छ शब्दांत सांगितलेली असावी, आणि त्यानंतर कुणी घेतलेली हरकत अनुत्तरित राहिलेली नसावी. पैसे दिले गेले असतील तर ते तिसरं आणि सगळ्यात भक्कम. माणसं "हो" म्हणून विसरतात, पावती विसरत नाही.

"कोण काय करणार" यात कोण, काय आणि कधीपर्यंत ही तिन्ही घरं भरलेली हवीत. एक जरी रिकामं असेल तर ती योजना नाही, ती ओळ उचलून "राहिलंय" मध्ये टाका. "मांडवाचं बघतो कुणीतरी" अशा ओळी आम्ही सभेतही पुष्कळ ऐकल्या आहेत. असं "कुणीतरी" म्हणून सोडलेलं काम झालेलं मी 27 वर्षांत बघितलं नाही.

शेवटची गोष्ट: तो फोटो उघडून बघितलात का?

---

घाटमाथा | 13 नोव्हेंबर, सकाळी 9:32

टिपणवही काकांनी मुद्द्याला हात घातलाय. मी तांत्रिक बाजू सांगतो, कारण ताईंनी चॅट एक्सपोर्ट करून वाचलेली दिसतेय आणि खरी गडबड तिथेच आहे.

एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये बऱ्याच गोष्टी येतच नाहीत. मेसेजवर दाबून दिलेले अंगठे आणि बदाम येत नाहीत. समजा नागपूर काकांच्या मेसेजखाली नऊ जणांनी अंगठा दिला असेल, तर फाइलमध्ये तो मेसेज एकटा आणि दुर्लक्षित दिसेल. दुसरं, कुणी कुणाला रिप्लाय दिला ते येत नाही. फोनवर वर करड्या चौकटीत जुना मेसेज दिसतो, तो फाइलमध्ये गायब. म्हणजे दादाचं "चालेल" काकांच्या कार्यालयालाच होतं की चार मेसेज वरच्या कुणाच्या प्रश्नाला, हे फाइलवरून सांगता येणार नाही.

यामुळेच @रिकामटेकडा, तुमचा "शेवटचा मेसेज खरा" हा नियम अर्धाच चालतो. एखादा माणूस रात्री ऑफिसातून येऊन दिवसभराचं वाचत बसतो आणि दुपारच्या मेसेजला रात्री अकराला "हो चालेल" म्हणतो. मधल्या काळात विषय बदलून निर्णय फिरलेला असतो. फाइलमध्ये त्याचं "हो चालेल" सगळ्यात खाली येतं आणि जुनाच निर्णय जिंकल्यासारखा दिसतो.

तेव्हा फाइल शोधायला वापरा, पण निकाल द्यायच्या आधी ती जागा फोनवर उघडून बघा. न सुटलेले प्रश्न हुडकायला मी हे वापरतो:

```
grep -nE '\?|कोण|किती|कधी|कुठे' chat.txt
```

प्रश्नचिन्ह एकटं पुरत नाही. आपल्याकडे निम्मे लोक "खुर्च्या किती लागतील" एवढंच लिहून मोकळे होतात. या यादीत कचराही भरपूर येतो, "कोणीच नाही" आणि "कधीच दिलं" पण येतं. तरी अठराशे ओळींची दोनशे होते.

---

सांजवात | 13 नोव्हेंबर, दुपारी 1:15

अहो काय सांगू! फोटो उघडला. मांडववाल्याची पावती आहे. मांडव, 120 खुर्च्या, आगाऊ 5,000 रुपये, तारीख 18 जानेवारी. कार्यालयाचा पत्ताच नाही.

म्हणजे 30 ते 2 च्या मध्ये नागपूर काका आणि मोठे काका फोनवर बोलले असणार आणि अंगणातच करायचं ठरलं. ग्रुपवर त्याचं एक अक्षर नाही. आणि मी लिहिलं "कार्यालय घेतलं". नागपूर काका चिडले ते उगाच नाही. त्यांच्या मते त्यांचं म्हणणं मान्य होऊन आठवडा झाला होता.

आणि हो, नागपूर काकांच्या त्या मेसेजला सात अंगठे आहेत. फाइलमध्ये एकही नाही.

---

रिकामटेकडा | 13 नोव्हेंबर, दुपारी 1:40

बरं, माघार. पण शब्द शोधण्यात चूक काय? जागा तर सापडते ना.

---

टिपणवही | 13 नोव्हेंबर, दुपारी 4:05

जागा सापडते, त्याबद्दल तुमचं बरोबरच आहे. पण आपल्याकडे बरेच निर्णय "ठरलं" न म्हणताच होतात. "मग मी नारळ सांगून ठेवते" या वाक्यात चारातला एकही शब्द नाही, तरी नारळांचा विषय तिथे मिटला.

@सांजवात, आता त्या पावतीचं काय करायचं ते सांगतो, कारण इथे माणूस दुसऱ्यांदा चुकतो. उत्साहात "कार्यालय रद्द, मांडव नक्की" असं लिहू नका. तुमच्याकडे पुरावा मांडवाचा आहे. कार्यालय रद्द केल्याचा नाही. काकांनी तिथे तोंडी "धरून ठेवा" म्हटलेलं असू शकतं, किंवा जेवणापुरतं कार्यालय आणि विधीपुरता मांडव असंही असू शकतं. तेव्हा "ठरलं" मध्ये एवढंच: मांडव आणि 120 खुर्च्या, 5,000 आगाऊ दिले, 5 नोव्हेंबरची पावती. "राहिलंय" मध्ये: कार्यालय सोडलं का? उत्तर मोठ्या काकांकडे.

आणि प्रत्येक ओळीपुढे मेसेजची तारीख आणि वेळ लिहा. "5/11, 11:31" एवढं पुरतं. उद्या कुणी "कुणी ठरवलं?" म्हटलं की तो माणूस तुमच्याशी भांडणार नाही, मेसेज शोधायला जाईल.

वाचायचा क्रमही सांगतो. एकदा वरून खाली वाचायचं, पण निर्णय लिहायचे नाहीत, फक्त विषय वेगळे काढायचे: जागा, जेवण, प्रवास, गुरुजी, आहेर, राहायची सोय. एक कागद एका विषयाला. मग प्रत्येक विषय खालून वर वाचायचा. खालून येताना पहिला ठाम मेसेज भेटला की थांबायचं आणि तिथून पुन्हा खाली जाऊन बघायचं, नंतर कुणी मोडता घातला का. वरून खाली वाचताना माणूस पहिल्या प्रस्तावाच्या प्रेमात पडतो. तुमचं कार्यालय तसंच झालं.

---

अनुस्वार | 13 नोव्हेंबर, रात्री 11:58

न्यू जर्सीहून. आमच्याही घराचा असाच ग्रुप आहे, म्हणून एक सांगते. फाइलमध्ये वेळ पडते ती ज्याने एक्सपोर्ट केलं त्याच्या फोनची. तुमच्या ग्रुपवर बाहेरदेशी कुणी असेल आणि त्याने "आज रात्री बोलू" लिहिलं असेल, तर तुमच्या फाइलमध्ये ते सकाळच्या वेळेला दिसेल आणि "आज" कुठला हे तुम्हालाच लावावं लागेल.

आणि 2 नोव्हेंबरला आमची घड्याळं एक तास मागे गेली. त्याआधी कुणी "आमचे रविवारी सकाळी दहा, म्हणजे तुमचे साडेसात" असं ठरवलं असेल, तर आता ते तुमचे साडेआठ झालेत. मेसेज बरोबर होता, आता चुकलाय!

---

सांजवात | 14 नोव्हेंबर, सकाळी 8:10

@अनुस्वार ताई, तुम्ही आमच्या ग्रुपवर आहात की काय? चुलतबहीण तिकडेच असते. 28 ऑक्टोबरला असंच ठरलं होतं, दर रविवारी आमचे साडेसात. परवाच्या रविवारी आम्ही सगळे साडेसातला बसलो, ती आलीच नाही, काकू म्हणाली "ती विसरली". ती साडेआठला आली तेव्हा आम्ही जेवत होतो.

आणि "परवा" शब्दाचं काय करायचं हो? आत्ता मीच लिहिला तो मागचा. काकांचा "परवा देऊन येतो" पुढचा. ग्रुपवर 40 वेळा आलाय.

---

टिपणवही | 14 नोव्हेंबर, सकाळी 9:25

क्रियापद बघा. "येतो" म्हणजे पुढचा, "आलो" म्हणजे मागचा. क्रियापद नसेल तर विचारा. पानावर मात्र आज, उद्या, परवा, पुढच्या रविवारी यातलं काहीही येऊ द्यायचं नाही, तारीखच लिहायची. मध्यरात्रीनंतरचे मेसेज खास तपासा. नागपूरकर रात्री सव्वाबाराला लिहितात. त्यांनी "उद्या गुरुजींना फोन करतो" म्हटलं तर फाइलच्या हिशेबाने 31 येते, त्यांच्या मनात 30 असते, कारण ते अजून झोपलेले नसतात.

---

माजी_सचिव | 14 नोव्हेंबर, रात्री 9:00

आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं असंच झालं. ग्रुपवर पोल घेतला, 22 विरुद्ध 9. मी ते "निर्णय" म्हणून लिहिलं. पुढे सर्वसाधारण सभेत एकाने विचारलं, या 22 मध्ये भाडेकरू किती? एकाच घरातून नवरा-बायकोने दोन मतं दिली ती किती? एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये पोलचे पर्याय आणि आकडे येतात, नावं येत नाहीत. मी सभेत उभा आणि हातात नुसता आकडा. शेवटी सभेत नव्याने मत घेतलं.

तुमच्याकडेही पोल असेल तर सांभाळा.

---

सांजवात | 14 नोव्हेंबर, रात्री 9:22

आहे. जेवणात पुरणपोळी की उकडीचे मोदक. मोदक 17, पुरणपोळी 12. त्यात बच्चेकंपनी किती ते मी फोनवर बघितलं, सहा जण. सगळी मोदकवाली. मग हे ठरलं की नाही?

---

रिकामटेकडा | 14 नोव्हेंबर, रात्री 9:30

ठरलं की! मतदान म्हणजे मतदान. मुलं काय जेवणार नाहीत?

---

टिपणवही | 15 नोव्हेंबर, सकाळी 7:15

मी ठरलं म्हणणार नाही. पोल टाकताना "जे जास्त येईल ते करू" असं कुणी लिहिलं होतं का? नसेल तर तो कौल आहे. आणि दीडशे माणसांचे मोदक वळणार कोण, ते वळणाऱ्यांना विचारलंय का? ज्याच्या हातात ती गोष्ट आहे, असं मी वर म्हटलं ते यासाठीच. मोदक मत देणाऱ्यांच्या हातात नाहीत.

---

अनुस्वार | 15 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:40

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. घरच्या ग्रुपवर आधी नियम सांगून कुणी पोल टाकत नाही. 29 जणांनी मत दिलं आणि आठवडाभर कुणी काही म्हटलं नाही, तर ते ठरलंच. प्रत्येक गोष्टीला एवढी कसोटी लावली तर "ठरलं" च्या खान्यात फक्त तारीख उरेल.

---

टिपणवही | 15 नोव्हेंबर, रात्री 8:02

उरू दे. रिकामा खाना दिसला की लोक हलतात. पण तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गप्प बसणं म्हणजे संमती की नाही, यावर आमच्या कचेरीतही शेवटपर्यंत एकमत नव्हतं.

---

माजी_सचिव | 15 नोव्हेंबर, रात्री 8:30

अजून एक विचारतो. विरोध करणाऱ्यांची नावं लिहायची का? सभेत एखादा म्हणतो "माझा विरोध नोंदवा", तेव्हा आम्ही नोंदवतो. घरच्या पानावर?

---

सांजवात | 15 नोव्हेंबर, रात्री 8:55

मी नाही लिहिणार. आत्या पहिली ती नावंच वाचेल.

---

घाटमाथा | 15 नोव्हेंबर, रात्री 9:10

मी लिहीन, पण फक्त हरकतीला अजून उत्तर मिळालेलं नसेल तर. "अमुक काकांचा प्रश्न बाकी" असं. प्रश्न म्हणून लिहिला की तो विरोध वाटत नाही.

---

भोळासांब | 16 नोव्हेंबर, सकाळी 10:00

हे सगळं ठीक, पण रेल्वेचं काय केलंत? कोकणची तिकिटं 120 दिवस आधी सुटतात. जानेवारीची आत्तापर्यंत संपलीसुद्धा असतील!

---

घाटमाथा | 16 नोव्हेंबर, सकाळी 10:18

120 जुनं झालं. 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस, प्रवासाचा दिवस सोडून. 17 जानेवारीची गाडी असेल तर 18 नोव्हेंबरला सकाळी 8 ला सुटणार. परवा! पुढचा परवा. :)

---

सांजवात | 16 नोव्हेंबर, सकाळी 10:50

अरे देवा. आमच्या ग्रुपवरही कुणीतरी "120 दिवस" लिहिलंय, त्यावर तिघांनी "हो का, मग उशीर झाला" म्हटलंय आणि विषय तिथेच मेला. मी तो "प्रवास: रेल्वे मिळणार नाही, गाड्या करायच्या" असा "ठरलं" मध्ये घालणार होते.

---

टिपणवही | 16 नोव्हेंबर, दुपारी 12:30

हा सगळ्यात चांगला नमुना निघाला. ते ठरलेलं नव्हतं आणि खरंही नव्हतं. कुणीतरी एक माहिती दिली आणि बाकीच्यांनी तिच्यापुढे हात टेकले. पानावर घेताना माहिती आणि निर्णय वेगळे धरा, आणि जिच्यामुळे एखादी गोष्ट सोडून दिली गेली ती माहिती तेवढी तपासून घ्या. बाकीची तपासत बसलात तर जानेवारी उजाडेल.

---

सांजवात | 17 नोव्हेंबर, रात्री 9:35

पान झालं. आत्याला दुपारी दिलं, मग ग्रुपवर टाकलं. थोडं इथे उतरवते, वेळा काढून टाकल्यात.

ठरलं: कार्यक्रम 18 जानेवारी, गावच्या घरी. गुरुजी पक्के. अंगणात मांडव आणि 120 खुर्च्या, आगाऊ 5,000 दिले, पावती मोठ्या काकांकडे. रविवारचा कॉल आपले रात्री साडेआठ.

कोण काय करणार: ठाण्याहून 11 जणांची 17 जानेवारीची तिकिटं पुण्याचा दादा काढणार, उद्या 18 नोव्हेंबर सकाळी 8. एका तिकिटावर सहाच नावं बसतात म्हणून सहा आणि पाच अशी दोन. नारळ काकू सांगणार, 10 जानेवारीपर्यंत. (हे एवढंच! अठराशे मेसेजमध्ये तीन घरं भरलेल्या ओळी दोनच निघाल्या. बाकी सगळं "बघू".)

राहिलंय: मोदक की पुरणपोळी, पोलमध्ये मोदक पुढे, वळणाऱ्यांना अजून विचारलेलं नाही. मुक्कामाला माणसं किती? आहेर घ्यायचा की नाही, हे नागपूर काकांनी दोनदा विचारलंय, उत्तर नाही. कार्यालय सोडलं का?

पान टाकल्यावर वीस मिनिटांत मोठ्या काकांचा मेसेज आला, "कार्यालयवाल्याला 3 तारखेलाच नाही म्हणून सांगितलंय." ती ओळ वर सरकली. नागपूर काकांनी अंगठा दिला. आहेराबद्दल कुणीच काही बोललं नाही.

आत्याने कागद वाचून एवढंच विचारलं, की तिकिटाला वय लागतं ना, ती सगळ्यांची आली का. नऊ जणांची आली आहेत. दोघांची अजून नाहीत, आणि दोघांनीही पानाखाली 🙏 टाकलाय. आता त्यांना फोनच करते.